व्यापार-व्यवहार : ‘शून्य शिलकी’च्या चालू खात्याची खरी किंमत

व्यापारी कुटुंबात मालाचा भाव ठरविताना दर किलोमागे पन्नास पैशांचा फरकही बारकाईने पाहिला जातो. वाहतूक, हमाली, तूट आणि उधारीचे दिवस हे सर्व हिशोबात धरूनच खरेदी होते. बँकेतील चालू खाते मात्र बहुधा ओळखीवर, जवळच्या शाखेवर किंवा दुकानात आलेल्या प्रतिनिधीच्या एका वाक्यावर उघडले जाते. ते वाक्य अलीकडे पुष्कळदा असे असते: ‘शेठजी, या खात्यात किमान शिल्लक ठेवावीच लागत नाही.’ वाक्य खोटे नसते. पण ते अपुरे असते. बँकही व्यापारच करते. तिने एका ठिकाणी सोडलेले उत्पन्न ती दुसऱ्या ठिकाणी घेते, आणि ते ठिकाण कोणते हे ओळखणे हाच चालू खात्याच्या निवडीचा गाभा आहे.

प्रथम खात्याचे स्वरूप ध्यानात घ्यावे. व्यापारी पेढीच्या नावे बचत खाते उघडता येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार धंद्याची उलाढाल चालू खात्यातूनच व्हावी लागते. चालू खात्यातील शिलकीवर बँक व्याज देत नाही, तशी तिला मुभाच नाही. म्हणजे तेथे पडून राहिलेला प्रत्येक रुपया बँकेला बिनव्याजी मिळतो. या फुकटच्या ठेवीच्या मोबदल्यात बँक काही सेवा विनाशुल्क देते: अमुक लाखांपर्यंत रोख भरणा, अमुक धनादेश, ऑनलाइन निधी हस्तांतर, यूपीआय भरणा मोठ्याने सांगणारी पेटी. ज्या खात्यात ठेवच अपेक्षित नाही, तेथे या सेवांचे मोल वेगळे वसूल होते. म्हणून व्यापाऱ्यापुढील खरा प्रश्न ‘किमान शिल्लक किती?’ एवढाच नसतो. ‘माझ्या दुकानाच्या व्यवहारांना या खात्यात वर्षाकाठी एकूण किती खर्च येईल?’ हा तो प्रश्न होय.

या प्रश्नाचे उत्तर बँकेच्या जाहिरातपत्रकात सापडत नाही. त्याचा अर्धा भाग दुकानाच्या रोजमेळात असतो. गेल्या सहा महिन्यांचे खाते पुढ्यात घेऊन चार गोष्टी मोजाव्यात. महिन्याला रोख किती भरली जाते. घाऊक व्यापाऱ्यांना किती वेळा आणि कोणत्या मार्गाने पैसे पाठविले जातात. यूपीआय आणि कार्डाने किती रक्कम येते. आणि खात्यात सरासरी किती शिल्लक राहते. पहिल्या तीन गोष्टी मोजणे सोपे आहे. चौथी गोष्ट मात्र बहुतेक दुकानदार चुकीची मोजतात, म्हणून तिच्याकडे थोडे थांबून पाहावे.

सरासरी शिल्लक म्हणजे काय?

‘मासिक सरासरी शिल्लक’ याचा अर्थ खात्यात कधीतरी दिसलेली रक्कम नव्हे. महिन्यातील प्रत्येक दिवसाच्या अखेरची शिल्लक घ्यावी, त्या सर्वांची बेरीज करावी आणि तिला महिन्याच्या दिवसांनी भागावे. रविवार आणि सुट्टीचे दिवसही यात मोजले जातात. त्या दिवशी व्यवहार नसला तर आदल्या दिवसाची अखेरची शिल्लकच पुढे धरली जाते. काही बँका हाच हिशोब तिमाहीचा करतात.

एका तीस दिवसांच्या महिन्यात खात्यावर पहिले दहा दिवस ६०,००० रुपये होते असे समजावे. अकराव्या दिवशी घाऊक व्यापाऱ्याला ४८,००० रुपये गेले आणि पुढील वीस दिवस खात्यात १२,००० रुपयेच राहिले. पहिल्या दहा दिवसांची बेरीज ६,००,००० आणि पुढील वीस दिवसांची २,४०,००० होते. एकूण ८,४०,००० ला तीसने भागले की सरासरी २८,००० रुपये येते. खाते पन्नास हजारांच्या अटीचे असेल तर दुकानदाराला वाटते की ‘महिन्याच्या सुरुवातीला साठ हजार होते, म्हणजे अट पाळली’. प्रत्यक्षात तो २२,००० रुपयांनी कमी पडलेला असतो.

येथे एक महत्त्वाचा भेद आहे. बचत खात्यात किमान शिल्लक कमी पडल्यास दंड तुटीच्या प्रमाणात असावा, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. हा दंडक बचत खात्यांपुरता आहे. चालू खात्यात अनेक बँका सरसकट ठराविक रक्कम आकारतात. तूट दोन हजारांची असो वा वीस हजारांची, दंड तोच. म्हणून शुल्कपत्रकात दंड ‘तुटीच्या प्रमाणात’ आहे की ‘सरसकट’, हे एक वाक्य शोधून वाचणे आवश्यक असते.

एका दुकानाचा हिशोब

आता हे सर्व एका दुकानाला लावून पाहावे. उदाहरणादाखल सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावचे स्टीलच्या भांड्यांचे दुकान घ्यावे. दोघे भाऊ दुकान पाहतात आणि पेढी मोठ्या भावाच्या एकट्याच्या मालकीची आहे. महिन्याची विक्री सुमारे सहा लाख रुपये. त्यापैकी २,८०,००० रुपये रोख बँकेत भरले जातात. उरलेली विक्री यूपीआय, कार्ड आणि थोड्या धनादेशांची. खरेदीपोटी महिन्याला चौदा वेळा एनईएफटी, एकदा आरटीजीएस आणि सहा धनादेश जातात. एनईएफटीच्या रकमा दहा हजार ते एक लाख यांच्या दरम्यानच्या आहेत. खात्याची स्वाभाविक सरासरी वर काढली तशी २८,००० रुपये आहे. पुढे दिलेले बँकांचे दर उदाहरणापुरते आहेत. प्रत्येक बँकेचे दर निराळे असतात आणि ते बदलतात. पण हिशोबाची रीत कोठेही तीच राहते.

पहिला प्रस्ताव ‘शून्य शिलकी’चा आहे. किमान शिल्लक नाही, ऑनलाइन हस्तांतर आणि धनादेश विनाशुल्क. रोख भरणा महिन्याला ५०,००० रुपयांपर्यंत मोफत, त्यापुढे दर हजारी ४ रुपये. भरणा सांगणाऱ्या पेटीचे भाडे महिना १२५ रुपये. दुकानाची रोख २,८०,००० असल्याने २,३०,००० रुपयांवर शुल्क लागेल, म्हणजे ९२० रुपये. त्यात पेटीचे १२५ मिळविले की १,०४५ रुपये होतात. बँकेच्या सेवाशुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो. तो धरून महिन्याला सुमारे १,२३३ आणि वर्षाला सुमारे १४,७९७ रुपये होतात.

दुसरा प्रस्ताव एका राष्ट्रीयीकृत बँकेचा आहे. मासिक सरासरी शिल्लक १०,००० रुपये. दुकानाची स्वाभाविक सरासरी त्याहून बरीच अधिक असल्याने ही अट आपोआप पाळली जाते. रोख भरणा दोन लाखांपर्यंत मोफत, पुढे दर हजारी १ रुपया. एनईएफटीस ५ रुपये, आरटीजीएसला २५ रुपये, धनादेशाच्या प्रत्येक पानाला ३ रुपये आणि पेटीचे भाडे १०० रुपये. म्हणजे रोख भरण्याचे ८०, एनईएफटीचे ७०, आरटीजीएसचे २५, धनादेशांचे १८ आणि पेटीचे १००. बेरीज २९३ रुपये होते, आणि जीएसटीसह महिन्याला सुमारे ३४६ रुपये. वर्षाचे सुमारे ४,१४९ रुपये झाले.

तिसरा प्रस्ताव मोठ्या खासगी बँकेचा आहे. मासिक सरासरी शिल्लक ५०,००० रुपये. ती राखली तर ऑनलाइन हस्तांतर, धनादेश आणि पेटी सर्व मोफत. रोख भरणा तीन लाखांपर्यंत मोफत, पुढे दर हजारी ४ रुपये. शिल्लक कमी पडली तर सरसकट १,५०० रुपये दंड, जीएसटीसह १,७७० रुपये. दुकानाची सरासरी २८,००० असल्याने तीत २२,००० रुपये जादा अडकवावे लागतील. या पैशाला वरकरणी शुल्क नाही. पण दुकानदार धंद्यासाठी वर्षाला १२ टक्के दराने पैसा उचलत असेल, तर २२,००० रुपये बिनव्याजी पडून राहण्याचा तोटा महिन्याला २२० रुपये होतो. वर्षाचे २,६४० रुपये. येथे पूर्ण ५०,००० रुपयांवर तोटा धरू नये, कारण त्यातील २८,००० रुपये दुकानाच्या गरजेपोटी खात्यात एरवीही राहणारच आहेत. जादा अडकलेली रक्कम तेवढीच अटीची किंमत होय.

आता हंगाम विचारात घ्यावा. दसरा-दिवाळीच्या दोन महिन्यांत दुकानाची रोख दुप्पट, म्हणजे ५,६०,००० रुपये होते. पहिल्या खात्यात त्या जादा रोखीपोटी दोन महिन्यांत जीएसटीसह सुमारे २,६४३ रुपये वाढतात, दुसऱ्यात सुमारे ६६१ रुपये. तिसऱ्या खात्यात मोफत मर्यादेबाहेरच्या २,६०,००० रुपयांवर दरमहा शुल्क लागून सुमारे २,४५४ रुपये वाढतात. वर्षाचा एकूण हिशोब असा होतो: शून्य शिलकीचे खाते सुमारे १७,४४० रुपये, राष्ट्रीयीकृत बँकेचे सुमारे ४,८१० रुपये, खासगी बँकेचे सुमारे ५,०९४ रुपये. ज्या खात्यात ‘काहीच ठेवावे लागत नाही’, तेच या दुकानाला सर्वांत महाग पडले, आणि याचे कारण केवळ रोख भरणा हे आहे.

दुसऱ्या आणि तिसऱ्या खात्यातील फरक तीनशे रुपयांच्या आतला दिसतो. पण तिसऱ्याचा आकडा एका गृहीतावर उभा आहे. बाराही महिने पन्नास हजारांची सरासरी राखली जाईल, हे ते गृहीत. पावसाळ्यात लग्नसराई संपलेली असते, दुकानात गिऱ्हाईक कमी असते आणि दिवाळीच्या मालाची आगाऊ खरेदी सुरू झालेली असते. अशा चार महिन्यांत अट चुकली तर दंडाचे ७,०८० रुपये जातात आणि वर्षाचा एकूण खर्च सुमारे ११,२९४ रुपयांवर पोहोचतो. म्हणून किमान शिलकीची अट वर्षाच्या सरासरीवर पडताळू नये. दुकानाच्या सर्वांत मंद महिन्यावर पडताळावी. त्या महिन्यात जी अट सहज पाळता येते, तीच स्वीकारावी.

यावर एखादा हुशार व्यापारी असे सुचवील की घाऊक व्यापाऱ्याचे ४८,००० रुपये अकराव्या दिवसाऐवजी पंचविसाव्या दिवशी द्यावेत. म्हणजे चोवीस दिवस साठ हजार आणि सहा दिवस बारा हजार राहून सरासरी ५०,४०० होईल आणि एक रुपयाही जादा अडकणार नाही. गणित बरोबर आहे. पण त्या व्यापाऱ्याकडून लवकर पैसे दिल्याबद्दल एक टक्का सूट मिळत असेल, तर ४८० रुपयांची सूट गमावून २२० रुपयांचा तोटा वाचविल्यासारखे होईल. शिवाय वेळेवर पैसे देणारा म्हणून असलेली पेढीची पत वेगळीच. बँकेची अट पाळण्यासाठी धंद्याची रीत बदलावी लागत असेल, तर ते खाते त्या धंद्यासाठी नव्हे.

हा निकाल प्रत्येक दुकानाला लागू नाही, हेही याच हिशोबातून दिसते. समजा, त्याच गावातील एखादी भगिनी घरून मसाले आणि लोणची विकते आणि दुकानाइतकेच व्यवहार तिच्या खात्यातून होतात. मात्र जवळजवळ सर्व पैसे यूपीआयने येतात व रोख भरणा महिन्याला ६०,००० रुपयेच आहे. मग पहिल्या खात्यात तिला रोखीचे ४० आणि पेटीचे १२५, जीएसटीसह सुमारे १९५ रुपये पडतात; दुसऱ्यात रोखीचे काहीच नाही, पण इतर शुल्के मिळून सुमारे २५१ रुपये होतात. तिच्यासाठी शून्य शिलकीचे खाते खरोखरच स्वस्त आहे. खाते चांगले की वाईट हे खात्यावर ठरत नाही. रोखीच्या प्रमाणावर ठरते.

शुल्कपत्रकातील चार बारीक अटी

वरील आकडे मांडण्यासाठी प्रतिनिधीचे तोंडी बोलणे पुरेसे नाही. बँकेकडून त्या खात्याचे संपूर्ण शुल्कपत्रक मागावे. प्रत्येक बँकेला आपली सेवाशुल्के जाहीर करावी लागतात, त्यामुळे ते मागण्यात संकोच नसावा. पत्रक हाती आल्यावर चार गोष्टी आवर्जून पाहाव्यात.

पहिली गोष्ट रोख भरण्याच्या मोफत मर्यादेची. ती दिवसाची आहे की महिन्याची, आणि ती केवळ खाते असलेल्या शाखेपुरती आहे काय, हे पाहावे. जिल्ह्याच्या ठिकाणी खरेदीस गेल्यावर तेथील शाखेत रोख भरणाऱ्याला निराळा आणि बहुधा चढा दर लागतो. काही खात्यांत मोफत मर्यादा ठराविक नसते. खात्यात प्रत्यक्ष राखलेल्या सरासरीच्या अमुक पट अशी ती असते. अशा खात्यात मंद महिन्यात शिल्लक घटली की मोफत मर्यादाही घटते, आणि व्यापाऱ्यावर दुहेरी भार पडतो.

दुसरी गोष्ट सुट्या पैशांची. किराणा, पूजासाहित्य, मिठाई अशा दुकानांत दहा-वीसच्या नोटा आणि नाणी पुष्कळ जमतात. काही बँका अशा नोटांसाठी आणि नाण्यांसाठी हाताळणीचे वेगळे शुल्क घेतात. आपल्या गल्ल्यात लहान नोटांचे प्रमाण किती आहे, हे पाहूनच या ओळीचे महत्त्व ठरवावे.

तिसरी गोष्ट नोंदींच्या संख्येची. काही बँका खात्यातील ठराविक नोंदींनंतर ‘लेजर फोलिओ’ या नावाने पानामागे शुल्क लावतात. पूर्वी महिन्याला शंभर नोंदी होणाऱ्या दुकानात आज यूपीआयच्या हजार नोंदी होतात. त्या नोंदी या मोजणीत धरल्या जातात की वगळल्या जातात, हे लेखी विचारावे. अनेकदा त्या वगळलेल्या असतात. पण गृहीत धरू नये.

चौथी गोष्ट खाते बंद करण्याच्या शुल्काची. पहिल्या वर्षात खाते बंद केल्यास काही बँका मोठी रक्कम घेतात. नवीन खाते आजमावून पाहायचे असेल, तर ही रक्कम आधीच ठाऊक असावी.

ऑनलाइन हस्तांतराबाबत एक समज सर्वत्र आढळतो. जानेवारी २०२० पासून ऑनलाइन एनईएफटी मोफत झाली, असे म्हटले जाते. तो आदेश बचत खातेदारांसाठी होता. चालू खात्यात बँक शुल्क घेऊ शकते, मात्र रिझर्व्ह बँकेने ठरविलेल्या कमाल दरापर्यंतच. दहा हजार ते एक लाख रुपयांच्या एनईएफटीस हा कमाल दर ५ रुपये आणि जीएसटी असा आहे. आलेल्या रकमेवर मात्र शुल्क नसते. आरटीजीएस दोन लाख रुपयांपासून पुढेच करता येते. डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी आणि डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस चोवीस तास चालू आहे. त्यामुळे ‘आमची बँक रात्रीही पैसे पाठवते’ हा एखाद्या बँकेचा विशेष गुण मानण्याचे कारण उरलेले नाही.

डिजिटल सोयी कशा पारखाव्यात

यूपीआयने ग्राहकाच्या बँक खात्यातून आलेल्या रकमेवर आणि रुपे डेबिट कार्डावर व्यापाऱ्याकडून टक्केवारी घेतली जात नाही. जानेवारी २०२० पासून ही सवलत लागू आहे. इतर डेबिट कार्डांवर रिझर्व्ह बँकेने कमाल मर्यादा घातली आहे: वार्षिक उलाढाल वीस लाखांपर्यंत असेल तर यंत्रावरील व्यवहारास ०.४० टक्के, त्याहून अधिक असेल तर ०.९० टक्के. क्रेडिट कार्डाला अशी कमाल मर्यादा नाही. तेथे दर ठरविताना घासाघीस करण्यास वाव असतो. वरील भांड्यांच्या दुकानाची उलाढाल वीस लाखांपुढे असल्याने त्याला दुसरा दर लागू होईल. क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून क्यूआरवर पैसे देणारा ग्राहकही असतो; त्या रकमेवर शुल्क कापले जाऊ शकते, म्हणून सर्वच क्यूआर व्यवहार फुकट आहेत असे समजू नये.

टक्केवारी नसल्याने क्यूआर कोठूनही घेतला तरी सारखाच, असे वाटते. फरक हिशोबात पडतो. काही व्यवस्थांत प्रत्येक ग्राहकाचे पैसे स्वतंत्र नोंदीने थेट खात्यात येतात. काही व्यवस्थांत दिवसभराची रक्कम एकत्र करून एकच आकडा जमा होतो. रात्री दुकान बंद करताना रोजमेळ जुळवायचा असेल, तर दुसऱ्या प्रकारात प्रत्येक व्यवहाराची वेळ, रक्कम आणि संदर्भ क्रमांक दाखविणारा स्वतंत्र अहवाल मिळणे अनिवार्य आहे. खाते उघडण्यापूर्वी प्रतिनिधीला अशा अहवालाचा नमुना दाखविण्यास सांगावे, आणि तो हिशोबनीसाच्या संगणकावर उघडून पाहावा. उतारा केवळ छापील स्वरूपात मिळत असेल, तर महिन्याकाठी नोंदी हाताने चढविण्यात हिशोबनीसाचे दोन-तीन दिवस जातात. तो खर्च शुल्कपत्रकात कोठेही लिहिलेला नसतो.

दुसरी कसोटी अधिकारांची. कुटुंबाच्या पेढीत पैसे पाठविण्याचे काम धाकटा भाऊ, पुतण्या किंवा दिवाणजी करतो. पण अंतिम संमती वडीलधाऱ्यांची असते. चांगल्या व्यापारी ऑनलाइन सेवेत एकाने व्यवहार तयार करावा आणि दुसऱ्याने मंजूर करावा, अशी सोय असते. ती नसली की व्यवहारात एकच घडते: मोठ्या भावाचा परवलीचा शब्द सर्वांना ठाऊक होतो. पुढे एखादी रक्कम चुकीची गेली, तर ती कोणी पाठविली हे सिद्ध करता येत नाही. भागीदारी पेढीने आणखी एक गोष्ट विचारावी. दोन भागीदारांच्या संयुक्त सहीने चालणाऱ्या खात्यातून यूपीआयने पैसे पाठविण्याची सोय सहसा मिळत नाही. क्यूआरने पैसे स्वीकारता येतात, पण देणी ऑनलाइन बँकिंगने किंवा धनादेशानेच द्यावी लागतात. धनादेश पन्नास हजार किंवा त्याहून अधिक रकमेचा असेल, तर त्याचा तपशील आधीच बँकेला कळविण्याची व्यवस्था २०२१ पासून आहे. ही माहिती भ्रमणध्वनीवरून भरता येते की शाखेत जावे लागते, तेही पाहून घ्यावे.

खाते उघडल्यानंतर

धंद्यासाठी दुसऱ्या बँकेचे कॅश क्रेडिट किंवा ओव्हरड्राफ्ट घेतलेले असेल, तर नवीन चालू खाते उघडण्यापूर्वी ते दोन्ही बँकांना सांगावे. कर्जदाराच्या चालू खात्यांविषयी रिझर्व्ह बँकेचे वेगळे नियम आहेत, आणि माहिती लपविल्यास पुढे खात्यातील व्यवहार अडू शकतात.

जुने खाते लगेच बंद करू नये. ग्राहकांकडे त्याचा क्रमांक असतो, काही धनादेश वटायचे असतात, विजेचे देयक आणि विम्याचे हप्ते त्यातून जात असतात. दोन-तीन महिने दोन्ही खाती चालवून मगच जुने बंद करावे. तेवढ्या काळात जुन्या खात्याची किमान शिल्लक मात्र सांभाळावी.

नव्या खात्याच्या पहिल्या तिमाहीचा उतारा ओळीओळीने वाचावा. प्रत्येक शुल्काच्या ओळीसमोर शुल्कपत्रकातील कोणती अट आहे, हे पेन्सिलीने लिहावे. ज्या ओळीला अट सापडत नाही, तिच्याविषयी बँकेकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. नियमित जीएसटी नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याने शुल्कांवरील जीएसटीची नोंद वेगळी ठेवावी. धंद्याच्या खात्यावरील या कराचा परतावा करदायित्वातून वजा होऊ शकतो. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्याला तो मिळत नाही, त्याच्यासाठी जीएसटीसह पूर्ण रक्कम हाच खर्च असतो.

हाच हिशोब दरवर्षी दिवाळीनंतर, नव्या वह्या सुरू होताना, एकदा पुन्हा मांडावा. बँकेचे दर बदललेले असतात. त्याहून अधिक बदललेले असते ते दुकान. ज्या भांड्यांच्या दुकानात आज २,८०,००० रुपये रोख येतात, तेथे तीन वर्षांनी कदाचित पन्नास हजारच येतील, आणि मग आज महाग ठरलेले खाते तेव्हा स्वस्त ठरू शकेल.